नाइट ड्युटी सांभाळून दिलेली क्रिटिकल केअरची परीक्षा

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात क्रिटिकल केअर नर्सिंगच्या परीक्षेचा निकाल लागला आणि मी पास झाले. आमच्या आयसीयूतल्या दोघीतिघी आता फॉर्म भरायच्या विचारात आहेत. प्रत्येकीचा पहिला प्रश्न तोच असतो, नाइट करून अभ्यास कधी केलास? हँडओव्हरच्या गडबडीत उत्तर देताना अर्धं सांगायचं राहून जातं. म्हणून पहिल्या कागदापासून शेवटच्या कागदापर्यंत सगळं क्रमाने लिहिते आहे.

मी ठरवलं गेल्या वर्षीच्या जूनमध्ये. आयसीयूत कित्येक वर्षं काम केल्यावर हात आपोआप चालतात. व्हेंटिलेटरचा अलार्म कशाचा आहे ते आवाजावरून कळतं, पेशंट बिघडणार हे आकडे बदलायच्या आधी जाणवतं. पण का बिघडतो आहे हे डॉक्टरांना नेमक्या शब्दांत सांगता यायला हवं होतं. शिवाय आमच्याकडे शिफ्टची इन्चार्ज व्हायला ही पात्रता लागते, आणि मला ते काम करायचं होतं.

अभ्यासाच्या आधी कागदांनीच दोन महिने घेतले. परीक्षेला बसायला आयसीयूत प्रत्यक्ष पेशंट सांभाळल्याचे ठरावीक तास लागतात आणि ते रुग्णालयाने लिहून द्यावे लागतात. ऑफिसकडून मिळालेल्या अनुभव प्रमाणपत्रात ‘परिचारिका या पदावर कार्यरत आहेत’ एवढंच होतं. तोच त्यांचा नेहमीचा मसुदा. अर्ज तीन आठवड्यांनी परत आला, कारण त्यात विभागाचं नाव नव्हतं, तास नव्हते आणि तारखाही नव्हत्या. तास काढायचे तर जुन्या ड्युटी लिस्ट बघाव्या लागतात आणि त्या मेट्रनच्या ऑफिसात असतात. ऑफिस उघडतं दहाला आणि माझी नाइट संपते आठला. ते मधले दोन तास मी चेंजिंग रूममधल्या बाकावर बसून काढायचे. रात्रभर उभं राहिल्यावर ते दोन तास फार जड जातात.

तुम्हाला हे प्रमाणपत्र हवं असेल तर मसुदा स्वतःच टाइप करून न्या. विभाग, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, एकूण तास आणि त्यातले व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचे तास, असं सगळं त्यात असू द्या. खाली सही-शिक्क्याची जागा मोकळी ठेवा. ऑफिसला तो लेटरहेडवर उतरवायला वेळ लागत नाही. विचार करून लिहायला मात्र त्यांच्याकडे कोणी मोकळं नसतं, आणि त्यात त्यांचीही चूक नाही. दुसरं म्हणजे नर्सिंग नोंदणीची मुदत बघून घ्या. आमच्या नियमात ती परीक्षेच्या दिवशी चालू असावी लागते, अर्जाच्या दिवशी चालू असून भागत नाही. माझी मुदत मधेच संपत होती, म्हणून आधी नूतनीकरण केलं आणि मगच अर्ज पुन्हा पाठवला. फी परत मिळत नाही. ठरावीक दिवसापर्यंत जादा पैसे भरून तारीख एकदा बदलता येते, तेवढंच. ती फी मी दोन पगारांतून बाजूला काढली होती.

तिसरी गोष्ट कौशल्यवहीची. सेंट्रल लाइनची काळजी, सक्शन, आर्टिरियल लाइनमधून सॅम्पल घेणं अशी कामं कुणासमोर केली त्याची नोंद आणि वरिष्ठांची सही त्या वहीत लागते. नाइटवाल्यांची खरी अडचण इथे येते. काम रात्री होतं आणि सही करणाऱ्या इन्चार्ज सिस्टर सकाळी येतात. आमच्या इन्चार्ज ताईंनी यातून रस्ता काढला. रात्रीच्या सीनिअरने काम बघितल्याची त्याच वेळी आद्याक्षरं करायची आणि सकाळी हँडओव्हर झाल्यावर ताई मला दोन प्रश्न विचारून पूर्ण सही करायच्या. “नुसती सही नाही करणार हं, आधी सांग, सक्शनच्या आधी ऑक्सिजन का वाढवलास?” ती दोन मिनिटंसुद्धा अभ्यासाचीच होती.

सप्टेंबरात पुस्तक उघडलं. आता खरा प्रश्न वेळेचा.

नाइट करणाऱ्या माणसाला वेळ मिळतो तो तुकड्यातुकड्यांनी. कामाला निघण्याआधी थोडा, ब्रेकमध्ये थोडा, घरी पोचल्यावर थोडा. पहिले काही आठवडे मी या सगळ्या तुकड्यांना सारखंच धरत होते. अर्धा तास म्हणजे अर्धा तास, जिथे मिळेल तिथे पुढचं प्रकरण. पण संध्याकाळी वाचलेलं दोन दिवसांनी आठवायचं आणि पहाटे चारला वाचलेलं घरी पोचेपर्यंत पुसलं जायचं. यात नवल नाही. शरीराचं तापमान पहाटेच्या सुमारास सगळ्यात खाली जातं आणि त्याच्याबरोबर सावधपणाही. साधारण तीन ते सहा या वेळात, जागं राहायची कितीही सवय असली तरी, डोकं नवीन काही धरून ठेवत नाही. म्हणून मी मिनिटं मोजायचं सोडलं आणि कुठल्या तुकड्यात डोकं कसं असतं त्यावरून काम वाटून दिलं.

नवं प्रकरण फक्त संध्याकाळी. दुपारी झोपून उठल्यावर लगेच नाही, कारण उठल्यानंतरचा काही वेळ जडच असतो. अंघोळ, घरातली कामं आवरून निघण्याआधीचा पाऊण तास मात्र चोख असायचा. संध्याकाळी उशिरा शरीर आपसूक जास्त जागं असतं, दिवसपाळी करणाऱ्यांचंही. या पाऊण तासात चार-पाच पानं, तीही पेन हातात घेऊन. वाचून झालं की पुस्तक मिटायचं आणि आठवेल ते कोऱ्या कागदावर लिहायचं. जे आठवलं नाही त्याचा प्रश्न करून कार्डाच्या एका बाजूला लिहायचा, मागे उत्तर. वाचलेलं किती वेगाने विसरतं हे हेरमान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून मांडलं होतं. पहिल्या दिवसातच बरंच निसटतं आणि मग वेग कमी होतो. त्यामुळे कार्डाची पहिली उजळणी त्याच रात्रीच्या ब्रेकमध्ये, दुसरी दोन-तीन दिवसांनी आणि तिसरी आठवड्याने, असा क्रम ठेवला.

ब्रेक साधारण एकच्या सुमारास मिळायचा. तेव्हा डोकं बऱ्यापैकी चालतं, पण कान युनिटकडे असतात. एखादं लांब स्पष्टीकरण वाचायला घेतलं की मधेच बोलावणं येतं आणि धागा तुटतो. म्हणून ब्रेकमध्ये फक्त कार्डं आणि बहुपर्यायी प्रश्न, म्हणजे कुठेही थांबवता येईल असं काम. तीननंतर अभ्यास पूर्ण बंद. सोबतची सिस्टर पेशंट बघते आहे आणि परवानगी आहे, अशा रात्री वीस मिनिटं डोळे मिटायचे. जास्त वेळ झोपलं की उठल्यावर बराच वेळ सुधरत नाही आणि आयसीयूत ते परवडत नाही. शिफ्टच्या उत्तरार्धात कॅफिनही बंद केलं, कारण ते शरीरातून अर्धं उतरायलाच पाचेक तास लागतात आणि मग सकाळची झोप तुटते. झोप तुटली की अभ्यासही वाया जातो. दिवसभरात शिकलेलं पक्कं होतं ते झोपेतच.

हे सगळं ब्रेक रूममध्येच, हे मुद्दाम सांगते. कार्डांचा गठ्ठा लॉकरमध्ये असायचा. पेशंटच्या पलंगापासून पलंगापर्यंत कागद फिरवणं संसर्गाच्या दृष्टीने वाईट, आणि पेशंटजवळ उभं असताना डोळे पेशंटवरच हवेत. खिशात फक्त एक लॅमिनेट केलेलं कार्ड असायचं, पुसून घेता येईल असं. त्यावर काय होतं ते आता सांगते, कारण सगळ्यात जास्त मी त्याच एका गोष्टीतून शिकले.

नोव्हेंबरातली रात्र. मूत्रमार्गाच्या संसर्गातून सेप्सिस झालेले एक वयस्कर गृहस्थ, व्हेंटिलेटरवर नव्हते, मास्कने ऑक्सिजन चालू होता. संध्याकाळी त्यांचा श्वास मिनिटाला बत्तीसच्या आसपास होता. दोनच्या सुमारास तो बावीसवर आला. मॉनिटरकडे बघून बरं वाटावं असा आकडा. पण ते एका दमात दोन शब्दांपलीकडे बोलत नव्हते, मान खांद्यावर पडत होती आणि हाक मारल्यावर डोळे उघडायला वेळ लागत होता. मी रजिस्ट्रारना बोलावलं आणि एबीजी पाठवली. रिपोर्ट आला: पीएच ७.२२, कार्बन डायऑक्साइड ३८, बायकार्बोनेट १५. सोडियम १३८, क्लोराइड १०१.

रजिस्ट्रार म्हणाले, “सिस्टर, परीक्षेचा अभ्यास करताय ना? मग सांगा, हा कार्बन डायऑक्साइड नॉर्मल आहे का?”

पुस्तकात नॉर्मल पस्तीस ते पंचेचाळीस. अडतीस त्यात बसतो. पण त्यांच्या विचारण्यावरूनच कळलं की उत्तर तेवढ्यावर संपत नाही. त्यांनी तिथेच रिपोर्टच्या मागे मांडून दाखवलं. पीएच ७.३५ च्या खाली, म्हणजे रक्त आम्लाकडे झुकलेलं. बायकार्बोनेट बावीसच्या खाली, म्हणजे मूळ बिघाड चयापचयाचा. आता असा बिघाड झाला की शरीर जोरात श्वास घेऊन कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतं आणि पीएच सावरायला बघतं. तो किती खाली यायला हवा याचं सूत्र आहे, बायकार्बोनेट गुणिले दीड, अधिक आठ, दोन इकडेतिकडे. त्याला विंटर्सचं सूत्र म्हणतात.

१.५ × १५ + ८ = ३०.५

म्हणजे या माणसाचा कार्बन डायऑक्साइड साडेअठ्ठावीस ते साडेबत्तीसमध्ये असायला हवा होता. तो अडतीस होता. इतर कुणासाठी नॉर्मल असलेला आकडा त्यांच्यासाठी जास्त होता. श्वासाचे स्नायू दमले होते. बत्तीसवरून बावीसवर आलेला श्वास त्याचीच खूण होती.

सोडियममधून क्लोराइड आणि बायकार्बोनेटची बेरीज वजा केली तर बावीस उरतात. हा अॅनायन गॅप, आणि तो साधारण आठ ते बारा असतो. तो वाढलेला म्हणजे रक्तात एखादं जादा आम्ल साठलं आहे. सेप्सिसमध्ये पहिला संशय लॅक्टेटवर, आणि लॅक्टेट वाढलेलंच निघालं. थोड्याच वेळात त्यांना ट्यूब टाकली. तेव्हा रजिस्ट्रारनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी मी कुठल्याही पुस्तकात इतक्या ठळकपणे वाचली नव्हती. अशा पेशंटला व्हेंटिलेटरवर नेहमीचा सावकाश श्वास लावून चालत नाही. तो स्वतः जोर लावून जेवढी हवा आतबाहेर करत होता तेवढी मशीनने केली नाही, तर कार्बन डायऑक्साइड चढतो आणि पीएच आणखी कोसळतो. ते गृहस्थ पुढे काही दिवसांनी वॉर्डात गेले.

सकाळी हँडओव्हरनंतर चेंजिंग रूममध्ये बसून मी हे सगळं लिहून काढलं, नाव, वय, बेड नंबर काहीही न घालता. ती सवय मी कायम ठेवली. हँडओव्हर झाल्यावर दहा मिनिटं आणि त्या रात्रीचा एकच प्रश्न. त्या वेळी पुस्तक उघडायचं नाही, फक्त प्रश्न लिहून ठेवायचा. उत्तर संध्याकाळच्या पाऊण तासात शोधायचं, तेव्हा डोकं जागेवर असतं. लॅमिनेट केलेल्या कार्डावर याच पायऱ्या आल्या. आधी पीएच, मग बिघाड श्वासाचा की चयापचयाचा, मग विंटर्सचं सूत्र, मग गॅप. खाली लाल शाईत त्याची मर्यादाही लिहिली होती. हे सूत्र फक्त चयापचयी आम्लतेसाठी आहे, आणि श्वासाची भरपाई पूर्ण व्हायला बारा ते चोवीस तास लागू शकतात. त्यामुळे पेशंट नुकताच बिघडला असेल तर आकडा जुळला नाही म्हणून लगेच दुसरा बिघाड ठरवू नये. शेवटी बघायचं ते पेशंटकडे, त्या रात्री मान पडत होती तशी खूण आहे का ते.

डिसेंबर-जानेवारी असेच गेले. ऑफच्या दिवशी व्हेंटिलेटरच्या वेव्हफॉर्मसारखे लांब विषय घ्यायचे, पण नाइटच्या ओळीनंतरचा पहिला ऑफ झोपेतच जातो आणि तो तसाच जाऊ द्यावा असं माझं मत आहे. दुसऱ्या ऑफला सकाळी दोन तास बसता येतं. माझी मुलगी सातवीत आहे. रविवारी ती कार्डं घेऊन बसायची आणि प्रश्न विचारायची. शब्द अडखळत वाचायची, पण मागचं उत्तर आणि माझं उत्तर जुळतं का हे कडक तपासायची. “आई, इथे ‘आणि’ लिहिलंय, तू ‘किंवा’ म्हणालीस.” आणि खरंच, तिथे ‘आणि’च हवं होतं. फेब्रुवारीत मात्र एक आठवडा असा आला की युनिट भरलेलं होतं आणि दोघी सिस्टर आजारी होत्या. त्या आठवड्यात एकही कार्ड काढलं नाही. घरी येऊन रडलेसुद्धा, की हे आता जमणार नाही. पुढच्या सोमवारी जुनी कार्डं काढली तेव्हा बरीच आठवत होती, कारण आधीच्या उजळण्या झालेल्या होत्या.

परीक्षा मार्चमध्ये, सकाळी नऊला. नाइट करणाऱ्याने ही वेळ फॉर्म भरतानाच नीट बघावी. आपल्या शरीरासाठी सकाळी नऊ म्हणजे झोपेची वेळ. आदल्या रात्री सुट्टी घेतली म्हणजे झालं असं बहुतेकांना वाटतं, पण शरीराचं घड्याळ दिवसाला साधारण तासभरच सरकतं. एका रात्रीच्या सुट्टीने तुम्ही फक्त न झोपता पेपरला बसता. ड्युटी लिस्ट आमच्याकडे महिनाभर आधी लागते, म्हणून मी जानेवारीतच लेखी अर्ज दिला होता की परीक्षेच्या आधीचा आठवडा नाइट नको. तोंडी सांगून ठेवलेलं लिस्ट बनवताना कुणाच्या लक्षात राहत नाही. अर्जाची एक प्रत पोच घेऊन जवळ ठेवा. माझ्या नाइट एका मैत्रिणीने घेतल्या आणि एप्रिलमध्ये मी तिच्या केल्या. त्या आठवड्यात रोज थोडं लवकर उठायचं आणि उठल्याबरोबर बाहेर उजेडात जायचं, एवढं केलं. नवीन काही वाचलं नाही. सकाळी नऊ ते बारा या वेळेतच सराव प्रश्न सोडवले, म्हणजे त्या वेळी डोकं चालायची सवय व्हावी.

पेपर संगणकावर, तीन तासांचा. केंद्रावर ओळखपत्रावरचं नाव आणि प्रवेशपत्रावरचं नाव अक्षर न् अक्षर जुळवून बघतात. नाव जुळत नव्हतं म्हणून माझ्या पुढच्या रांगेतल्या एकीला बराच वेळ बाजूला उभं केलं होतं. एबीजीचे प्रश्न होतेच, आणि त्यातल्या एकात कार्बन डायऑक्साइड ‘नॉर्मल’ होता. पर्याय वाचायच्या आधी मी पेशंटचं वर्णन पुन्हा वाचलं. श्वासाचा वेग कमी झालेला, पेशंट गुंगीत. तिथे उत्तर द्यायला वेळ लागला नाही. औषधांच्या परस्परक्रियांचे प्रश्न मात्र कठीण गेले. ते प्रकरण मी बरंचसं ब्रेकमध्ये उरकलं होतं, त्याला संध्याकाळचा वेळ द्यायला हवा होता असं आता म्हणेन.

निकाल सहा आठवड्यांनी ऑनलाइन लागला. प्रमाणपत्र अजून पोस्टाने यायचं आहे. निकालाच्या पानाची छापील प्रत ऑफिसात दिली तर चालली नाही, मूळ प्रमाणपत्रच हवं म्हणाले. ते आल्यावर दोन प्रती साक्षांकित करून एक सेवापुस्तकात लावायची आणि दुसरी नर्सिंग नोंदणीत जादा पात्रता चढवण्यासाठी पाठवायची. त्याचा अर्ज वेगळा असतो आणि फीही वेगळी. कौशल्यवही जपून ठेवा, कारण पाच वर्षांनी पात्रतेचं नूतनीकरण करताना आमच्याकडे तीच पुन्हा मागतात. यंदा फॉर्म भरणाऱ्यांनी अनुभव प्रमाणपत्राचा माझा मसुदा हवा असेल तर मागून घ्या, विभाग आणि तासांच्या जागा मोकळ्या ठेवून तो टाइप केलेला आहे.